कणगीतले धान्य म्हणजे यंदाचे पीक नव्हे

एकत्रित लेख्यांवरच्या एका चर्चेत अलीकडे एक विधान ठामपणे मांडले गेले आणि बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. विधान असे होते: उपकंपनी वर्षाच्या मध्यात विकत घेतली, तर तिचा खरेदीपूर्व नफा कोणता आणि खरेदीनंतरचा कोणता, हा वाद आता जुना झाला. लाभांशाच्या बाबतीत नव्या लेखामानकांनी तो भेद काढून टाकला आहे. नफ्याच्या बाबतीत महिन्यांच्या प्रमाणात वाटणी केली की काम भागते. आणि दोन्ही बाबतीत शेवटी ताळेबंद जुळतोच, मग एवढा काथ्याकूट कशासाठी?

मी हा विषय शिकवतो आणि लेखापरीक्षणात तो हाताळतोही. या तीनही दाव्यांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतात. पण तिन्ही एकत्र केले की जो निष्कर्ष निघतो तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीचा भार भागधारकांवर पडतो. म्हणून एकेक दावा घेऊन त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

भेद कशासाठी आहे

धान्याने भरलेल्या कणग्यांसकट एखाद्याने घर विकत घेतले असे समजू. पुढच्या महिन्यात त्याने ते धान्य बाजारात विकले आणि पैसे आले. त्याला यंदाचे पीक आले असे आपण म्हणणार नाही. धान्याची किंमत घराच्या व्यवहारात त्याने आधीच मोजली होती. एका रूपात दिलेला पैसा दुसऱ्या रूपात परत आला, एवढेच झाले.

उपकंपनीचे तसेच आहे. सूत्रधारी कंपनी शेअर विकत घेते तेव्हा त्या दिवशी उपकंपनीत जमलेला सगळा नफा किमतीत धरलेला असतो. तो नफा उपकंपनीने मागच्या वर्षी मिळवला की चालू वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत, याने फरक पडत नाही. खरेदीच्या तारखेपर्यंतचा सगळा नफा सूत्रधारी कंपनीच्या दृष्टीने भांडवल आहे. एकत्रित लेख्यांत तो गुंतवणुकीच्या किमतीसमोर वजा होतो आणि जे उरते ते गुडविल, किंवा उलट बाजूला उरले तर भांडवली राखीव निधी. तारखेनंतरचा नफा मात्र समूहाची कमाई असते. एएस २१ हे मानक उपकंपनीचे निकाल सूत्रधारी-उपकंपनी नाते जुळल्याच्या तारखेपासून एकत्रित लेख्यांत घ्यायला सांगते. इंड एएस ११० ताबा मिळाल्याच्या तारखेपासून उत्पन्न आणि खर्च घ्यायला सांगते. शब्द वेगळे असले तरी दोन्ही मानके एका तारखेवर उभी आहेत. ती तारीख ढिली झाली की भांडवल आणि कमाई यांच्यामधली भिंतच ढासळते.

महिन्यांची वाटणी: एक छत्र्यांची कंपनी

आता दुसरा दावा आधी घेऊ, कारण चुकीची सुरुवात तिथून होते. नफा वर्षभर सारखा होतो असे मानून बारा महिन्यांत वाटायचा, ही पद्धत आपण सगळे पाठ्यपुस्तकांतून शिकलो. उदाहरणाच्या शेवटी एक ओळ असते: नफा वर्षभर समप्रमाणात झाला असे गृहीत धरा. परीक्षेत ते गृहीतक दिलेले असते. प्रत्यक्ष कंपनीत ते कोणी दिलेले नसते, आपणच मनाने धरतो.

छत्र्या आणि रेनकोट बनवणारी एक कंपनी घेऊ. आकडे मी सोपे ठेवले आहेत आणि सगळे लाखांत आहेत. भांडवल १०० लाख, दहा रुपयांचा एक असे १० लाख शेअर. १ एप्रिलला जमा नफा ६० लाख. वर्षाचा करानंतरचा नफा ४५ लाख. सूत्रधारी कंपनीने १ ऑगस्टला ८० टक्के शेअर प्रत्येकी २५ रुपयांना, म्हणजे एकूण २०० लाखांना घेतले. मालमत्तेची पुस्तकी किंमत आणि रास्त मूल्य एकच आहे असे धरू, म्हणजे दुसरा गुंता मध्ये येणार नाही.

महिन्यांच्या वाटणीने ४५ लाखांपैकी चार महिन्यांचे १५ लाख खरेदीपूर्व आणि आठ महिन्यांचे ३० लाख खरेदीनंतरचे. खरेदीच्या दिवशी उपकंपनीची निव्वळ मालमत्ता १०० अधिक ६० अधिक १५, म्हणजे १७५ लाख. तिचे ८० टक्के १४० लाख. २०० लाख मोजले, म्हणून गुडविल ६० लाख. आणि खरेदीनंतरच्या ३० लाखांतला आपला वाटा, २४ लाख, समूहाच्या नफ्यात.

आता या धंद्याकडे पाहा. छत्री विकली जाते एप्रिल ते जुलै. ऑगस्टनंतर दुकानदार माल उचलत नाही, उलट उरलेला परत पाठवायच्या गोष्टी करतो. पुढचे महिने कारखाना पुढच्या पावसाळ्याचा साठा करत असतो. तो माल गोदामात खर्चाच्या किमतीला राहतो, त्यावर नफा दाखवता येत नाही. पण कार्यालयाचे पगार, भाडे आणि साठ्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दर महिन्याला चालूच असते. अशा कंपनीचे पुस्तक ३१ जुलैला खरोखर बंद केले, तर चित्र असे दिसेल: एप्रिल ते जुलै नफा ६५ लाख, ऑगस्ट ते मार्च तोटा २० लाख. वर्षाचा आकडा तोच, ४५.

या खऱ्या आकड्यांनी खरेदीच्या दिवशीची निव्वळ मालमत्ता २२५ लाख होते. तिचे ८० टक्के १८० लाख. गुडविल फक्त २० लाख. आणि समूहाच्या नफ्यात उपकंपनीकडून २४ लाख येत नाहीत, तर तोट्यातला वाटा म्हणून १६ लाख कमी होतात.

दोन्ही उत्तरांतला फरक पाहा. नफ्यात ४० लाखांचा फरक, गुडविलमध्येही बरोबर ४० लाखांचा. एका बाजूला नफा जेवढा फुगला तेवढीच दुसऱ्या बाजूला मालमत्ता फुगली. म्हणूनच ताळेबंद दोन्ही वेळा जुळतो. अल्पसंख्य भागधारकांचा ताळेबंदातला हिस्साही बदलत नाही, कारण तो वर्षअखेरच्या निव्वळ मालमत्तेवर मोजला जातो. म्हणजे ज्या दोन ठिकाणी तपासणाऱ्याची नजर सवयीने जाते, त्या दोन्ही ठिकाणी ही चूक दिसत नाही.

आणि हा प्रश्न एका वर्षाचा नाही. इंड एएसखाली गुडविल दरवर्षी थोडे थोडे खर्ची टाकले जात नाही. दर वर्षी फक्त ते वसूल होण्याजोगे आहे का, हे तपासायचे असते. त्यामुळे फुगवलेले ४० लाख वर्षानुवर्षे मालमत्तेत बसून राहू शकतात, आणि पहिल्या वर्षी दाखवलेला नफा कुणी मागे घेत नाही. ज्या संचालकांनी ही कंपनी घेतली, त्यांची खरेदी पहिल्याच वर्षी फायद्याची ठरल्याचे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्यांनी पावसाळ्याची कमाई किमतीत मोजून घेतली आणि हाती कोरडा हंगाम आला.

महिन्यांची वाटणी कधीच चालत नाही, असे मी म्हणत नाही. जागा भाड्याने देणारी कंपनी असेल, ठरावीक मासिक शुल्कावर सेवा देणारी असेल, आणि मधल्या काळात काही मोठी विक्री, नुकसान किंवा एकरकमी उत्पन्न झाले नसेल, तर ही वाटणी सत्याच्या जवळ जाते. ताबा महिन्याच्या तिसऱ्या दिवशी मिळाला आणि हिशेबासाठी एक तारीख धरली, तर फरक नगण्य असेपर्यंत त्यालाही कोणी हरकत घेणार नाही. पण ती सवलत आधी सिद्ध करावी लागते. नफा समप्रमाणात झाला हे तपासून मग वाटणी करायची. वाटणी करून मग नफा समप्रमाणात झाला असे म्हणायचे नाही.

मानकांनीही हे मोघम सोडलेले नाही. खरेदीच्या तारखेचे लेखे उपलब्ध नसतील आणि ते तयार करणे व्यवहार्य नसेल, तर काय करायचे हे एएस २१ मध्ये स्पष्ट आहे. लगतच्या आधीच्या कालावधीचे लेखे पाया म्हणून घ्यायचे आणि त्या लेख्यांच्या तारखेपासून खरेदीच्या तारखेपर्यंत झालेल्या महत्त्वाच्या व्यवहारांचे आणि घटनांचे परिणाम त्यात समायोजित करायचे. भागिले बारा, गुणिले चार असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. आमच्या छत्री कंपनीत संपूर्ण पावसाळी विक्री हीच ती महत्त्वाची घटना आहे. ती समायोजित केली की उत्तर ६५ लाखांकडेच जाते.

लाभांशाचा भेद कुठे संपला आणि कुठे नाही

आता पहिला दावा. तो मांडणारे ज्याचा आधार घेतात ती गोष्ट खरी आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २७ मध्ये २००८ पर्यंत असा नियम होता की, किंमत पद्धतीने गुंतवणूक दाखवताना खरेदीनंतरच्या नफ्यातून मिळालेला लाभांशच उत्पन्न धरायचा, आधीच्या नफ्यातून आलेला गुंतवणुकीच्या किमतीतून वजा करायचा. मे २००८ मधल्या दुरुस्तीने हा भेद काढला. ती १ जानेवारी २००९ पासून लागू झाली. आपल्या इंड एएस २७ मध्ये तीच भूमिका आहे: लाभांश मिळण्याचा हक्क निर्माण झाला की तो सूत्रधारी कंपनीच्या स्वतंत्र लेख्यांत नफ्या-तोट्यात घ्यायचा.

या वाक्यातला ‘स्वतंत्र लेख्यांत’ हा शब्द माझे प्रतिपक्षी गिळून टाकतात. दुरुस्ती झाली ती सूत्रधारी कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकांपुरती. एकत्रित लेख्यांत समूहातले सगळे आपसांतले व्यवहार पुसायचे असतात आणि लाभांश हा तसाच एक व्यवहार आहे. तिथे काही बदललेले नाही.

आमच्याच कंपनीत सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली आणि मागच्या वर्षाच्या नफ्यातून २० टक्के लाभांश जाहीर झाला, असे धरू. एकूण २० लाख, त्यातले १६ लाख सूत्रधारी कंपनीला आणि ४ लाख इतर भागधारकांना. पैसे आले खरेदीनंतर, पण कशातून आले? १ एप्रिलला जमा असलेल्या ६० लाखांतून. ते सगळे खरेदीपूर्व होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ऑगस्टनंतर या आडात तोटाच होता, त्यामुळे नंतरच्या कमाईतून लाभांश निघण्याचा प्रश्नच नव्हता.

आता एकत्रीकरण तीन प्रकारे करून पाहू.

पहिला, एएस १३ पाळणारी कंपनी. हे मानक म्हणते की खरेदीपूर्व नफ्यातून जाहीर झालेला लाभांश जर स्पष्टपणे किमतीचा काही भाग परत मिळाल्यासारखा असेल, तर तो गुंतवणुकीतून वजा करावा. इथे तो तसा स्पष्टच आहे. गुंतवणूक २०० ची १८४ झाली. उपकंपनीची खरेदीच्या दिवशीची मालमत्ता २२५ वरून लाभांशापुरती कमी होऊन २०५, तिचे ८० टक्के १६४. गुडविल २०. समूहाच्या नफ्यावर परिणाम वजा १६.

दुसरा, इंड एएस पाळणारी कंपनी, काम नीट केलेले. स्वतंत्र लेख्यांत १६ लाख उत्पन्न आणि गुंतवणूक २०० वरच. एकत्रीकरण करताना ते १६ लाख सूत्रधारी कंपनीच्या नफ्यातून काढले आणि खरेदीच्या दिवशीची मालमत्ता लाभांश जाण्यापूर्वीची, म्हणजे २२५, धरली. गुडविल २०, नफ्यावर परिणाम पुन्हा वजा १६. दोन वेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामाला पोचलो. एकत्रित लेख्यांपुरती २००८ च्या दुरुस्तीने फक्त वाट बदलली, मुक्काम नाही.

तिसरा, ‘भेद संपला’ असे मानणाऱ्याचे काम. लाभांश उत्पन्न आहे म्हणून १६ लाख सूत्रधारी कंपनीच्या नफ्यात तसेच ठेवले. उपकंपनीच्या पुस्तकात मात्र जमा नफा लाभांशामुळे कमी झालेला दिसतो, म्हणून खरेदीच्या दिवशीची मालमत्ता २०५ धरली. तिचे ८० टक्के १६४, गुंतवणूक २००, गुडविल ३६. उपकंपनीचा तोट्यातला वाटा वजा १६ आणि लाभांश अधिक १६, म्हणून समूहाच्या नफ्यावर परिणाम शून्य. म्हणजे विकत घेतलेल्या धान्याचेच पैसे पीक म्हणून दाखवले आणि तेवढेच गुडविल वाढवून ठेवले. आणि हो, ताळेबंद इथेही जुळतो.

ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत अनेकदा पाहतो, आणि ज्यांचे विद्यार्थिपण संपून बरीच वर्षे झाली त्यांच्या कागदांतही पाहिली आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. एकत्रीकरणाच्या कार्यपत्रकात गुंतवणूक आणि मालमत्ता या दोन्ही एकाच क्षणाच्या असायला हव्यात. गुंतवणूक लाभांश मिळण्याआधीची असेल तर मालमत्ताही आधीची, नंतरची असेल तर दोन्ही नंतरच्या. एक आधीची आणि दुसरी नंतरची असे झाले की लाभांशाएवढी चूक घुसलीच म्हणून समजावे.

चालू वर्षाचा अंतरिम लाभांश आला तर प्रश्न थोडा अवघड होतो, कारण त्यात दोन्ही बाजूंचा नफा मिसळलेला असू शकतो. विभागणीला आधार नसेल आणि ती मनमानी ठरणार असेल, तर किंमत कमी करू नये असे एएस १३ म्हणते. पण आधार आहे की नाही हे तारखेचा हिशेब केल्यावरच कळणार. आमच्या कंपनीत ऑगस्टनंतर तोटा आहे हे एकदा समजले, की अंतरिम लाभांशही कोणत्या महिन्यांच्या कमाईतून आला याबद्दल फारशी शंका राहत नाही.

सोय केली, पण मोकळीक दिली नाही

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. आंतरराष्ट्रीय मंडळाने तो भेद काढला त्यामागे खरी अडचण होती. पहिल्यांदाच नवी मानके स्वीकारणाऱ्या कंपनीला वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या उपकंपनीचा कोणता लाभांश कोणत्या नफ्यातून आला, हे शोधायला सांगणे म्हणजे जुना सगळा खरेदीव्यवहार नव्याने मांडायला सांगणे. त्यात खर्च प्रचंड आणि मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा धोकाही मोठा. ही सवलत रास्त होती.

पण वीस वर्षांपूर्वीच्या अडचणीसाठी दिलेली सवलत गेल्या ऑगस्टमधल्या खरेदीसाठी निमित्त म्हणून वापरता येत नाही. शिवाय मंडळाने दार उघडताना उंबऱ्यावर पहारेकरीही ठेवला. इंड एएस ३६ सांगते की उपकंपनीकडून लाभांश आल्यावर दोन गोष्टी पाहायच्या. स्वतंत्र लेख्यांतली गुंतवणुकीची किंमत ही एकत्रित लेख्यांतल्या उपकंपनीच्या निव्वळ मालमत्ता आणि गुडविल यांच्या किमतीपेक्षा जास्त आहे का? किंवा लाभांश त्या काळातल्या उपकंपनीच्या एकूण सर्वसमावेशक उत्पन्नापेक्षा जास्त आहे का? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तरही हो आले, तर गुंतवणुकीचे मूल्य घटले असल्याचा तो संकेत मानायचा आणि तपासणी करायची.

आमच्या कंपनीला ही कसोटी लावू. वर्षअखेरीस उपकंपनीची निव्वळ मालमत्ता १०० अधिक ६० अधिक ४५ वजा २०, म्हणजे १८५ लाख. आपला हिस्सा १४८. खरे गुडविल २०. बेरीज १६८. स्वतंत्र लेख्यांत गुंतवणूक २००. दोनशे हे १६८ पेक्षा जास्त आहे, म्हणजे घंटा वाजली, तपासणी करा.

आता महिन्यांची वाटणी करून आलेले गुडविल घाला. १४८ अधिक ६०, बेरीज २०८. गुंतवणूक २००. घंटा वाजतच नाही. पहिल्या दाव्याची चूक पकडायला मानकाने जो पहारेकरी ठेवला, त्याला दुसऱ्या दाव्याची चूक झोपवते. म्हणूनच या दोन चुका सुट्या सुट्या पाहून चालत नाही.

यातून जे होते ते कागदावरच राहत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ नुसार लाभांश वाटला जातो तो कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून, समूहाच्या एकत्रित नफ्यातून नव्हे. स्वतंत्र लेख्यांत उत्पन्न म्हणून आलेले १६ लाख रोख आहेत, काल्पनिक नाहीत, त्यामुळे ते वाटायला कायद्याच्या शब्दांत अडसर दिसत नाही. मूल्य घटल्याची तपासणी टळली, तर सूत्रधारी कंपनी आपणच मोजलेल्या खरेदीच्या किमतीचा एक भाग आपल्या भागधारकांना नफा म्हणून वाटू शकते. धनको आणि कर्ज देणारी बँक ज्या भांडवलाकडे पाहून निर्धास्त असतात, ते असे झिरपते. स्वतंत्र लेख्यांत भेद नसण्याची किंमत ही आहे. ती भरून काढण्याची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे खरेदीच्या तारखेचा प्रामाणिक हिशेब.

‘ते शक्यच नसते’ या म्हणण्याला उत्तर

शेवटी उरतो व्यवहाराचा आक्षेप. वर्षाच्या मध्यात पुस्तके कोण बंद करणार? विकणारा माणूस निघून गेलेला असतो, साठ्याची मोजणी झालेली नसते, संगणकातल्या नोंदी महिनाअखेरीस उशिरा होतात. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यातली दमछाक मला ठाऊक आहे.

पण ज्या कंपनीसाठी दोन कोटी मोजले, तिच्याकडे त्या दिवशी काय होते हे पाहिल्याशिवाय कोणी किंमत ठरवत नाही. खरेदीआधीच्या तपासणीत आकडे मागितलेले असतात. त्यापुढे लागते ते फार नाही. ३१ जुलैच्या रात्रीची तेरीज काढून ठेवा. गोदामातल्या मालाची त्या दिवशी किंवा लगतच्या दिवशी मोजणी करा आणि मधल्या आवक-जावकीने ती जुळवा. बँकेचे मेळपत्रक त्या तारखेचे करा. जुलैत माल आला पण बिल ऑगस्टमध्ये आले, अशा रकमांची तरतूद करा. विक्री कोणत्या महिन्यात झाली याबद्दल शंका असेल, तर जीएसटीची विवरणपत्रे समोर ठेवा. त्यातला विक्रीचा चढउतार पाहिला, तरी महिन्यांची वाटणी योग्य की अयोग्य हे अर्ध्या तासात कळते. आणि सगळे आकडे लगेच पक्के होत नसतील, तर इंड एएस १०३ खरेदीच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत तात्पुरत्या रकमा सुधारायची मुभा देते. मुभा आहे ती तारखेच्या दिवशी काय होते याचा अंदाज सुधारण्याची. तारीखच बाजूला ठेवण्याची नाही.

वाचकालाही, म्हणजे ज्याच्या हातात फक्त छापील अहवाल आहे त्यालाही, हे तपासता येते. खरेदीच्या तारखेनंतर उपकंपनीकडून किती महसूल आणि किती नफा एकत्रित लेख्यांत आला, हे इंड एएस १०३ नुसार टिपणात सांगावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या सूत्रधारी कंपनीला प्रत्येक उपकंपनीचे लेखापरीक्षित लेखे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तिथे पूर्ण वर्षाचा नफा मिळतो. दोन आकडे शेजारी ठेवून भागाकार करा. आठ महिन्यांसाठी उत्तर नेमके दोन-तृतीयांश आले आणि धंदा छत्र्यांचा, कूलरचा, बियाण्यांचा किंवा शालेय वह्यांचा असेल, तर ३१ जुलैला पुस्तक कोणी उघडले नाही, वर्षअखेरीस कॅलक्युलेटर उघडला, असा संशय घ्यायला हरकत नाही. तो प्रश्न मग सभेत उभे राहून विचारण्याजोगा आहे.

भेद जुना झाला म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की पुढच्या एकत्रीकरणात त्यांनी ताळेबंद जुळल्यावर थांबू नये. खरेदीच्या तारखेची तेरीज मागावी, त्या तेरजेतला नफा आणि महिन्यांच्या प्रमाणातला नफा एकाच कागदावर लिहावा आणि दोहोंतल्या फरकातला आपला वाटा गुडविलमध्ये कुठे जाऊन बसला ते बोटाने दाखवावे. आमच्या छत्री कंपनीत तो वाटा ४० लाखांचा आहे. तो ज्यांच्या नफ्यात चुकून जमा झाला, त्यांनी तो कधी मिळवलेला नव्हता. ती पावसाळ्याची कमाई होती आणि १ ऑगस्टला तिचे पैसे मोजून झाले होते.